रोजच्या आठ किलोमीटरचा हिशेब

माझी थोरली वहिनी नाशिकला इंदिरानगरात राहते. सकाळी सव्वासहाला दूध, साडेसातला धाकटीला शाळेत सोडणं, अकराच्या सुमारास भाजी नाहीतर किराणा, दीडला धाकटीला परत आणणं, संध्याकाळी तिचा क्लास आणि अधूनमधून बँक, दवाखाना, पिठाची गिरणी. यातलं एकही ठिकाण घरापासून दोन किलोमीटरच्या पलीकडे नाही. थोरला मुलगा यंदा कॉलेजला जाऊ लागला आणि त्याला रोज गाडी लागू लागली, तेव्हा दिवाळीनंतर घरात दुसरी स्कूटर घ्यायचं ठरलं. पेट्रोलची की विजेची, हा प्रश्न मग माझ्याकडे आला.

विजेच्या गाडीच्या शोरूममध्ये वहिनीला सांगितलं गेलं की ही गाडी पंचवीस पैशांत किलोमीटर धावते, दोन वर्षांत पैसे वसूल. पेट्रोलच्या शोरूममध्ये सांगितलं, लिटरला पंचावन्न किलोमीटर कुठेच गेले नाहीत. दोघंही किलोमीटरचा भाव सांगत होते. रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या माणसाला त्या भावावरून निर्णय घेता येतो. पण जिचा सगळा दिवस एकेक-दीडदीड किलोमीटरच्या फेऱ्यांत जातो, तिच्या बाबतीत हे दोन्ही भाव खोटे पडतात. शिवाय भाव खरा निघाला, तरी त्याला गुणायला किलोमीटरच थोडे असतात. म्हणून मी वहिनीला म्हटलं, आधी एक महिना वही ठेवा, मग बोलू.

वही ठेवायची रीत सोपी आहे. पहिल्या दिवशी टाकी पूर्ण भरायची आणि किलोमीटरचा आकडा लिहायचा. महिनाभर नेहमीसारखी गाडी चालवायची. शेवटच्या दिवशी त्याच पंपावर पुन्हा टाकी पूर्ण भरायची. दुसऱ्यांदा जितकं पेट्रोल बसलं तितकंच महिन्याभरात जळलं. जानेवारीत वहिनीच्या स्कूटरनं २१६ किलोमीटर केले आणि ६ लिटर पेट्रोल घेतलं. म्हणजे लिटरला ३६. गाडी दहा वर्षांची आहे, पण दोष वयाचा नव्हता. हीच गाडी मुलानं त्र्यंबकेश्वरला नेली, जाऊन-येऊन साठ किलोमीटरच्या आत-बाहेर, तेव्हा तिनं ४७ चं ॲव्हरेज दिलं.

फरक गार इंजिनाचा आहे. इंजिन थंड असताना पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावं लागतं. जुन्या गाडीत हे काम चोक करतो, नव्या इंजेक्शनच्या गाडीत तिचा संगणक करतो. ऑइलही घट्ट असतं आणि ते ढवळण्यात ताकद जाते. इंजिन पुरेसं तापायला काही किलोमीटर लागतात, आणि वहिनी त्याआधीच शाळेच्या फाटकाशी पोचलेली असते. दुपारी पुन्हा निघेपर्यंत इंजिन गार झालेलं असतं. दिवसाला आठ-नऊ वेळा गाडी सुरू होते आणि जवळपास प्रत्येक फेरी गार इंजिनावरच संपते.

पेट्रोलपेक्षाही यात ऑइलचं नुकसान जास्त होतं. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते आणि तिचा थोडा भाग पिस्टनच्या कडेनं खाली ऑइलमध्ये उतरतो. गाडी लांबवर गेली तर ऑइल तापून ती वाफ उडून जाते. छोट्या फेऱ्यांत ऑइल तितकं तापतच नाही, म्हणून पाणी तिथेच साचतं. न जळलेलं पेट्रोलही थोडं मिसळतं आणि ऑइल पातळ होतं. हे घरी बघता येतं. ऑइल भरायचं झाकण उघडा. आतल्या बाजूला दुधाच्या चहासारखा फिकट चिकट थर दिसला, किंवा काडीवर लागलेल्या ऑइलला पेट्रोलचा वास आला, तर ऑइल बदलायची वेळ झाली आहे, मग किलोमीटर कितीही कमी झालेले असोत. वर्षाला दोन-अडीच हजार किलोमीटरच चालणाऱ्या स्कूटरचंही ऑइल म्हणूनच सहा महिन्यांनी बदलावं लागतं. ‘गाडी चालतेच किती’ म्हणून दीड-दोन वर्षं तेच ऑइल ठेवणारी घरं मला माहीत आहेत. पुढे निळसर धूर येऊ लागला की रिंग-पिस्टनचा खर्च सर्व्हिसिंगच्या कितीतरी पट होतो.

तसंच सेल्फ-स्टार्टच्या बॅटरीचं. एकदा सेल्फ मारला की जितका करंट जातो, तितका परत भरायला गाडी काही वेळ चालावी लागते. दीड किलोमीटरात तो भरत नाही. वहिनीची बॅटरी अडीच-तीन वर्षांपलीकडे कधी टिकली नाही, आणि शेवटचे काही महिने ती किक मारूनच गाडी सुरू करत होती. उजवा गुडघा दुखतो, हे तिनं वही दाखवताना सहज सांगितलं.

आता वर्षाचा हिशेब. शाळेच्या सुट्ट्या आणि माहेरचे दिवस वजा केले तर वर्षाला साधारण २,४०० किलोमीटर होतात. नवी पेट्रोल स्कूटर इंजेक्शनची असल्यामुळे याच फेऱ्यांत थोडी बरी चालेल, म्हणून तिला लिटरला ४० धरू. म्हणजे ६० लिटर, आणि पेट्रोल सुमारे १०४ रुपयांनी घेतलं तर ६,२४० रुपये. ऑइलसकट दोन सर्व्हिसिंगचे १,९००. बॅटरीचे वर्षाच्या वाट्याला ४५० आणि पीयूसीचे ५०. सगळे मिळून ८,६४० रुपये. टायर आणि ब्रेक दोन्ही गाड्यांना सारखेच लागतात, म्हणून ते धरले नाहीत. विमाही सोडला. थर्ड पार्टीचा वार्षिक दर ११० सीसीच्या स्कूटरला ७१४ रुपये आणि ३ ते ७ किलोवॉटच्या विजेच्या स्कूटरला ६०७ रुपये आहे, म्हणजे फरक शंभराचा. शिवाय नव्या गाडीला तो पाच वर्षांचा एकदम किमतीतच घेतला जातो.

विजेच्या गाडीला इंजिन तापण्याची भानगड नाही. पहिल्या मीटरपासून ती सारखीच चालते, त्यामुळे छोट्या फेऱ्यांचा दंड तिला बसत नाही. उभी असतानाही तिचं इलेक्ट्रॉनिक्स थोडी वीज खातं आणि चार्जिंग करताना चार्जर तापतो त्यात थोडी जाते. हे सगळं धरून भिंतीतल्या प्लगपासून मोजलं तर किलोमीटरला ०.०४ युनिट धरायला हरकत नाही. गाडीच्या पडद्यावर याहून कमी आकडा दिसतो, कारण तो बॅटरीतून निघालेल्या विजेचा असतो. बिल मात्र प्लगमधून गेलेल्या विजेचं येतं. वर्षाला झाले ९६ युनिट, महिन्याला आठ.

या आठ युनिटांचा भाव काय, इथे बहुतेकांची चूक होते. शोरूममध्ये युनिट सहा रुपयांचं धरतात. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांपुरता वहन आकार धरून तेवढ्याच्या आसपास आहे. १०१ ते ३०० च्या टप्प्यात तो अकरा रुपयांच्या घरात जातो आणि वर १६ टक्के वीज शुल्क लागतं. वहिनीच्या घरी फ्रिज, गीझर, मिक्सर, टीव्ही धरून महिन्याला १४०-१५० युनिट होतातच. पहिले स्वस्त शंभर युनिट घरानं आधीच संपवलेले असतात. स्कूटरचे आठ युनिट त्यांच्या डोक्यावर बसतात, म्हणून त्यांचा भाव तेरा रुपये धरायला हवा. ज्या घरी उन्हाळ्यात एसी चालतो आणि बिल ३०० च्या पुढे जातं, तिथे त्या महिन्यांत तो आणखी चढेल. तुमचा भाव तुमच्याच बिलावर कळतो. शेवटचा टप्पा कोणता लागला ते बघायचं आणि त्याचाच दर धरायचा. एकूण बिलाला युनिटांनी भागून आलेली सरासरी इथे उपयोगाची नाही.

तरीही ९६ युनिटांचे १,२५० रुपयेच होतात. किलोमीटरला बावन्न पैसे. सांगितलेल्या पंचवीस पैशांच्या दुप्पट, पण पेट्रोलच्या दोन रुपये साठ पैशांच्या पाचव्या हिश्शाएवढे. सर्व्हिसिंगला ऑइल नाही, प्लग नाही, एअर फिल्टर नाही. ब्रेक, बोल्ट, बेअरिंग बघणं आणि किरकोळ काही, असे वर्षाचे १,००० धरले. एकूण २,२५०. म्हणजे वर्षाला ६,४०० रुपयांची बचत, महिन्याला सव्वापाचशेच्या वर. घर चालवणाऱ्या बाईला ही रक्कम लहान नाही.

आता ही बचत कशाच्या बदल्यात मिळते ते पाहू. आम्हाला मिळालेल्या कोटेशनमध्ये पेट्रोलची ११० सीसीची स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत ९२,००० ला पडत होती आणि लहान बॅटरीची विजेची १,१८,००० ला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे पेट्रोलची गाडी स्वस्त झाली. विजेच्या गाड्यांवर तो आधीपासून ५ टक्केच होता, तिथे काही उतरलं नाही. फरक २६,००० चा. त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मीटरपासून खाली पार्किंगपर्यंत वायर ओढून प्लग बसवायला इलेक्ट्रिशियननं ४,५०० सांगितले. झाले ३०,५००. वर्षाला ६,४०० नी ते फिटायला पावणेपाच वर्षं लागतात. वरचे २६,००० कर्जात गेले आणि तीन वर्षांचे हप्ते साडेदहा टक्क्यांनी धरले, तर व्याजाचे आणखी ४,४०० होतात आणि मुदत साडेपाच वर्षांपर्यंत जाते. दोन वर्षांत पैसे वसूल होतात ते दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर चालवणाऱ्याचे.

वहिनी स्कूटर आठ वर्षं तरी वापरते. आठ वर्षांत ५१,२०० वाचतील, त्यातून ३०,५०० गेले की २०,७०० उरतात. विकताना मात्र आठ वर्षांची पेट्रोल गाडी चटकन जाते आणि विजेची घेणारा आधी बॅटरीचं विचारतो. तो फरक १५,००० चा धरला तर आठ वर्षांच्या शेवटी हातात पाच-सहा हजारच राहतात. म्हणजे सगळा निकाल बॅटरी तेवढी टिकते की नाही यावर येऊन थांबतो, कारण वॉरंटी संपल्यावर ती बदलावी लागली तर खर्च दहा-दहा हजारांच्या पटीत जातो.

पण वहिनीसारख्या वापराला बॅटरीची भीती वेगळी आहे आणि ती नीट समजून घेतली तर गाडी निवडणं सोपं होतं. बॅटरी दोन कारणांनी म्हातारी होते, भरण्या-उतरण्यानं आणि नुसत्या काळानं. एका चार्जमध्ये पासष्ट किलोमीटर धरले तर वहिनी वर्षाला सदतीस वेळाच ती पूर्ण भरेल. आठ वर्षांत तीनशे वेळा. लिथियमच्या चांगल्या बॅटऱ्या याच्या दोन-तीन पट फेऱ्या काढतात. म्हणजे वापरानं ती झिजणार नाही. वयानं मात्र तिची ताकद हळूहळू कमी होईल, आणि पूर्ण भरलेली बॅटरी उन्हात उभी राहिली तर लवकर होईल. पण समजा ती सत्तर टक्क्यांवर आली, तरी पंचेचाळीस किलोमीटर देईल. वहिनीचे पाच-साडेपाच दिवस त्यात निघतात. ताकद कमी होण्यानं तिचं काही अडणार नाही. अडेल ते बॅटरी अचानक बंद पडली तर. आतला एखादा सेल बिघडतो, नाहीतर सेलांवर नजर ठेवणारं सर्किट जातं. हा बिघाड किलोमीटर बघून येत नाही.

यातून दोन गोष्टी ठरतात. वॉरंटी वाचताना किलोमीटरचा आकडा सोडून द्यायचा आणि वर्षांचा बघायचा. ‘तीन वर्षं किंवा पन्नास हजार किलोमीटर, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा वहिनीची तीन वर्षं सात हजार किलोमीटरवरच संपतात. आठ वर्षांची वॉरंटी असेल, किंवा थोडे पैसे भरून वाढवता येत असेल, तर कमी चालवणाऱ्यानंच ती घ्यावी. दुसरी गोष्ट, बॅटरी सगळ्यांत लहान घ्यायची. शोरूममध्ये दीडशे किलोमीटरच्या गाडीचा आग्रह होतो आणि किंमत पंधरा-वीस हजारांनी चढते. रोज आठ किलोमीटर जाणाऱ्या बाईनं ते वीस हजार दिले तर वर काढलेली आठ वर्षांची सगळी बचत तिथेच जाते आणि ती वाढीव बॅटरी नुसती वाहून न्यावी लागते. लहान बॅटरी आठवड्यातून एकदा-दोनदा भरली की पुरते. बरेच दिवस गावाला जायचं असेल तर ती निम्मी भरलेली ठेवून जावं.

याहूनही स्वस्त, पन्नास-साठ हजारांच्या गाड्या बाजारात दिसतात, ज्यांना लायसन्स नको आणि नंबर प्लेट नको. मोटर २५० वॉटपर्यंत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असेल तर कायद्यानं ती मोटार वाहनात मोडत नाही. गृहिणींना त्या हमखास दाखवल्या जातात. त्यांतल्या पुष्कळांत लेड-ॲसिडच्या बॅटऱ्या असतात, आणि त्या दीड-दोन वर्षांत बसतात. तेवढ्याच वेळा नवा संच घालायचा धरला की स्वस्ताई संपते. शिवाय मागे मूल बसवून चढावर ती गाडी दमते. घ्यायचीच असेल तर बॅटरी लिथियमची आहे का हे बिलावर लिहून घ्यावं.

प्लगबद्दल एक सांगणं जिवाचं आहे. खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडून गाडी चार्ज करू नका. चार्जर तासन्‌तास सलग करंट ओढतो, आणि सैल पिन किंवा बारीक वायर एवढा वेळ तापत राहिली तर वितळते. वेगळी वायर, जाडी किमान अडीच चौरस मिलिमीटर, तिचा स्वतःचा एमसीबी, पंधरा अँपिअरचा प्लग आणि खरं अर्थिंग हवं. पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासानं प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल किंवा प्लॅस्टिक तपकिरी पडलं असेल, तर लगेच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. सोसायटीच्या सामाईक मीटरवरून वीज घ्यायची असेल तर वेगळा उपमीटर बसवून घ्या, म्हणजे वाद होत नाहीत.

एवढा हिशेब मांडून झाल्यावर मी वहिनीला म्हटलं, नवी घ्यायचीच आहे तर विजेची घ्या, लहान बॅटरीची, आठ वर्षांच्या वॉरंटीची. (घरची गाडी नीट चालत असताना ती विकून विजेची घ्यायची असती, तर मी नको म्हटलं असतं. वीस-बावीस हजार हातात येतात आणि लाखभर घालावे लागतात, ते साडेसहा हजारांनी पंधरा वर्षं फिटत नाहीत.) वहिनीनं वही जवळ ओढली आणि विचारलं, “भाऊजी, पण मग ही गाडी मी का वापरायची? ह्याचं कॉलेज चौदा किलोमीटरवर आहे.”

तिचं बरोबर होतं. मुलगा दिवसाला अठ्ठावीस किलोमीटर जातो, वर्षाचे दोनशे दिवस. जुन्या गाडीला लांबवर ४५ चं ॲव्हरेज धरलं तरी त्याच्या पेट्रोलचे जवळपास तेरा हजार होतात, विजेवर तीन हजारांच्या आत. तिथे दहा हजार वाचतात, वहिनीच्या फेऱ्यांत जुन्या गाडीच्या मानानं ५,७००. चार्ज एकदा केला की दोन दिवस जातात. विजेची गाडी घरात एकच असेल तर ती सगळ्यांत लांब जाणाऱ्याकडे असावी, हे मी तिच्या वहीतून शिकलो.

गुडघ्याचं मात्र मी सोडलं नाही. जुन्या गाडीला नवी बॅटरी घातली, तेराशे रुपयांची, म्हणजे सेल्फ चालू झाला. दर रविवारी मुलगा ती जुनी गाडी त्र्यंबक रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणतो, म्हणजे ऑइल तापतं आणि बॅटरी भरते. त्या दिवशी विजेची वहिनीकडे असते, आणि कॉलेजच्या सगळ्या सुट्ट्यांतही. मुलाला पेट्रोलसाठी महिन्याला हजार रुपये मिळायचे. ते आता वहिनीच्या खात्यावर जमा होतात, ही अट तिनं गाडीची चावी देण्याआधीच घातली होती.